तीस अक्षरांतले थोडक्यात सर

सरांना 'थोडक्यात सर' हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येणार नाही, पण ज्याने ठेवलं त्याचा सत्कार करायला हवा. कारण सर कुठलंही बोलणं "थोडक्यात सांगायचं तर" असं सुरू करत आणि मग ऐकणाऱ्याने बूड टेकायला जागा शोधावी. एकदा एका पालकाने नुसतं विचारलं होतं, "सर, उद्या क्लास आहे का?" आणि त्याला सुट्टी या कल्पनेचा उगम, विकास आणि ऱ्हास ऐकून घरी जावं लागलं. उद्या क्लास आहे की नाही हे त्याला शेवटी बाईंना विचारावं लागलं.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. दोघांचा मिळून क्लास. जिना चढून गेलं की समोर एक लहानशी बैठकीची जागा, तिथे एक टेबल, एक जुना संगणक आणि पालकांसाठी दोन खुर्च्या. डावीकडच्या मोठ्या खोलीत बाई गणित शिकवत, मागच्या लहान खोलीत सर भाषा. मधे भिंत नव्हती, प्लायवूडचा पडदा होता. त्यामुळे इकडे वर्गमूळ चालू असताना तिकडून अलंकारांची उदाहरणं ऐकू येत, आणि बाईंच्या किती तरी विद्यार्थ्यांना फुकटात व्याकरण येऊ लागलं होतं.

पण फुकटात येणारं व्याकरण विकत कोण घेणार? गणिताला मुलं मावत नव्हती आणि सरांच्या खोलीत तिघंच उरली होती. त्यातलाही एक जण गणिताला लवकर येऊन बसायला जागा नाही म्हणून सरांकडे बसायचा. अशात एका विज्ञानाच्या सरांनी बाईंना विचारलं की मागची खोली मिळेल का, माझ्या दोन बॅच तयार आहेत. बाईंनी त्याच रात्री जेवताना विषय काढला.

"नवीन वर्ग पुढच्या सोमवारी सुरू होतायत," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तुमच्याकडे आठ मुलं झाली तर खोली तुमची. नाहीतर त्यांना देऊया. रागावू नका."

सर रागावले नाहीत. त्यांनी ताटातली चटणी तशीच ठेवली, एवढंच. सदतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाल्यावर माणसाकडे उरतं काय? सरांकडे ती खोली उरली होती. फळा, खडू, आणि "सर, हे बरोबर आहे का?" असं विचारणारी कुणाची तरी वही. ती गेली की मग दिवसभर घरात वर्तमानपत्र वाचायचं आणि त्यातल्या चुकांवर लाल रेघा मारायच्या. हे त्यांना दिसत होतं, म्हणून ते त्या रात्री थोडक्यातसुद्धा काही बोलले नाहीत. बाईंनी दोनदा वळून बघितलं, बरं आहे ना म्हणून.

धावून आली ती सूनबाई. ती जाहिरातींच्या एका छोट्या ऑफिसात कामाला होती. लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा वरती ज्या जाहिराती दिसतात ना, त्या ती लिहायची. दाताचे डॉक्टर, पडदे शिवणारे, सामान हलवणारे, सगळ्यांच्या. ती म्हणाली, "बाबा, आपण क्लासची जाहिरात टाकू. आजूबाजूला कुणी भाषेचा क्लास शोधला की आपण दिसू. तुम्ही फक्त मजकूर लिहा. पंधरा शीर्षकं आणि चार वर्णनं."

"पंधरा?" सरांचे डोळे लकाकले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्यांच्याकडे जास्त मजकूर मागत होतं.

"शीर्षकाला तीस अक्षरं. वर्णनाला नव्वद."

लकाकी विझली. "अगं, तीस अक्षरांत तर मी खोकतोसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई संगणकावर रिकाम्या चौकटी उघडून देऊन ऑफिसला पळाली. तिला दाताच्या डॉक्टरांनी धरून ठेवलं होतं. "चौकटी भरून ठेवा, संध्याकाळी मी बघते," एवढंच ती जिन्यातून ओरडली. सरांनी चष्मा पुसला आणि पहिल्या चौकटीत क्लासचं नाव टाकायला घेतलं. नाव त्यांनीच ठेवलेलं: सर्वांगीण भाषा व गणित मार्गदर्शन केंद्र. 'मार्गदर्शन' पुरं होईपर्यंत कोपऱ्यातला आकडा लाल झाला होता, आणि 'केंद्र' तर अजून बाहेर उभंच होतं. सरांनी बोट लावून मोजलं तेव्हा लक्षात आलं की हे यंत्र काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळ्याचे वेगवेगळे पैसे लावतं. मधली मोकळी जागासुद्धा मोजतं. रफार तर बघा, अक्षराच्या डोक्यावर बसलेला एवढासा आकडा, पण दोन जागा खातो.

"हा तर अन्याय आहे," सर मोठ्याने म्हणाले. पलीकडून बाईंचा आवाज आला, "कुणाशी बोलताय?" सर म्हणाले, "रफाराशी." बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

मग सर इरेला पेटले. सकाळची दुपार झाली. 'मार्गदर्शन' गेलं, 'सर्वांगीण' गेलं. एका शीर्षकात त्यांनी 'या!' लिहिलं, तर यंत्र म्हणालं, शीर्षकात उद्गारचिन्ह चालत नाही. सरांना ते मात्र मनापासून पटलं; शाळेत ते हेच सांगत आले होते. हळूहळू एकेक ओळ तीस अक्षरांत बसू लागली. आणि एका निबंधाच्या मास्तरला पंधरा क्रमांक घातलेल्या चौकटी दिल्या तर तो काय करणार? त्याने एक सुरेख सलग परिच्छेद लिहिला. पहिल्या चौकटीत 'व्याकरण म्हटलं की', दुसरीत 'मुलं पळून जातात', तिसरीत 'पण आमच्याकडे मात्र', चौथीत 'तीच मुलं रमतात', पाचवीत 'कारण सर गोष्टी सांगतात', आणि असं करत करत पंधराव्या चौकटीत पूर्णविराम. कुठे ठेच नाही, कुठे खाच नाही. सरांनी तो स्वतःशी तीनदा वाचला आणि स्वतःला दहापैकी नऊ गुण दिले. शेजारी जाहिरात कशी दिसेल त्याचं चित्र येत होतं, पण चष्म्यातून तिकडे बघायला फुरसत कुणाला होती? खाली निळं बटण होतं. बटण दिसलं की दाबायचं नसतं हे सरांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी दाबलं.

संध्याकाळी सूनबाईला यायला उशीर झाला, आणि आल्यावर ती डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. "झालं का, बाबा?" तिने विचारलं. "झालं, टाकलीसुद्धा," सर अभिमानाने म्हणाले. "टाकली?" असं म्हणून ती उठून बसणार होती, पण डोक्याने तिला पुन्हा निजवलं.

यंत्राकडून जाहिरातीची तपासणी व्हायला रात्र गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासच्या खालचा झेरॉक्सवाला जिना चढून वर आला. एरवी तो कधी वर यायचा नाही, गुडघे दुखतात म्हणून. त्याने मोबाइल सरांसमोर धरला. "सर, मी सहज क्लास म्हणून शोधलं तर तुमचं हे आलं. तुम्हीच लिहिलंय का, की कुणी दुष्मनी काढली?"

मोबाइलवर जाड निळ्या अक्षरात लिहिलं होतं: पण आमच्याकडे मात्र, मुलं पळून जातात, कारण सर गोष्टी सांगतात.

सरांचा चेहरा असा झाला की झेरॉक्सवाल्याने त्यांना खुर्ची दिली. पलीकडून बाई आल्या, त्यांनी वाचलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. प्लायवूडचा पडदा बराच वेळ हलत होता. गणिताच्या मुलांना त्या दिवशी एक तास आधी सोडावं लागलं, कारण बाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या की खांदे हलायचे.

सूनबाई तडक ऑफिसातून आली. "चूक माझी," ती म्हणाली, "सांगायलाच हवं होतं. बाबा, त्या चौकटींना क्रम नसतो. यंत्र पंधरांतली दोन-तीन शीर्षकं स्वतः उचलतं, खाली एखाद-दुसरं वर्णन लावतं, आणि प्रत्येकाला वेगळी जुळणी दाखवून बघतं की लोक कशावर बोट ठेवतात. आज एकाला पहिलं, पाचवं, नववं दिसेल, उद्या दुसऱ्याला भलतंच."

"म्हणजे माझ्या परिच्छेदाचा चिवडा करतं."

"तसंच काहीसं. एखादी ओळ ठरावीक जागेवर पिन करून ठेवता येते. पण जागा तीनच. आणि सगळं पिन केलं तर जुळण्या करून बघायला यंत्राला काही उरत नाही, मग ते जाहिरात कमकुवत आहे असा शेरा देतं."

शेरा म्हटल्यावर सर चवताळले. हजारो वह्यांवर शेरे मारलेल्या माणसाला एक यंत्र कमकुवत म्हणणार? पण तेवढ्यात फोन वाजला. एक बाई बोलत होत्या. "तुमची जाहिरात बघितली. मुलं पळून जातात म्हणून लिहिलंय ना तुम्ही?"

"अहो, ते त्याचं असं झालं," सर सुरू झाले, "थोडक्यात सांगायचं तर..."

"नाही, नाही, बरं वाटलं वाचून," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा चार क्लासमधून पळालाय. प्रत्येक जण म्हणतो आमच्याकडे असं होत नाही. निदान तुम्ही खरं सांगताय. उद्या घेऊन येऊ का?"

मुलगा आला, बसला, आणि पळाला नाही. तीनाचे चार झाले. पण सूनबाई म्हणाली, "एक लागला म्हणून सगळे लागत नाहीत," आणि त्या रात्री जेवणाचं टेबल पुसून तिने कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. नियम सोपा होता. प्रत्येक चिठ्ठीवर एक शीर्षक. चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या, बाईंनी डोळे मिटून तीन ओढायच्या आणि वाचायच्या. कुठल्याही क्रमाने अर्थ लागला तर पास. एखादी ओळ दुसरीच्या खांद्यावर उभी असेल तर टोपलीत.

सरांनी लिहिलेली पहिली पंचवीस टोपलीत गेली. 'म्हणूनच' ने सुरू होणारी गेली, 'पण' ने सुरू होणारी गेली. "अगं, पण 'पण' काढून माणूस बोलणार तरी कसा?" सर कळवळले. बाईंना मात्र हा खेळ भलताच आवडला. एरवी नवरा बोलत असताना मधे थांबवायची सोय नसते; इथे नुसती चिठ्ठी टोपलीत टाकली की झालं.

मग सरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि ते म्हणाले, "मी काय शिकवतो तेच लिहितो." आणि लिहिलं: इथे चुकलं तरी चालतं. बाईंनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि बाजूला नीट ठेवली. मग आलं: आठवी ते दहावी भाषा वर्ग. मग: लहान बॅच, पूर्ण लक्ष. मग: निबंध स्वतः लिहायला शिका. कशाही पिसा, कशाही ओढा, प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी. वर्णनात सूनबाईने साधंच टाकलं: आठवी ते दहावी. भाषा, निबंध, व्याकरण. लहान बॅच. आठवडाभर येऊन बघा, मग ठरवा. शंका आली म्हणून सरांनी मोजलं. नव्वदला बरीच अक्षरं शिल्लक होती आणि ती तशीच ठेवायची हे सरांना जिवावर आलं.

यावेळी फोन येऊ लागले. दोन दिवसांत चाराचे सहा झाले. सर सकाळी दाढी करताना गुणगुणू लागले. मागची खोली त्यांनी स्वतः झाडली, फळा ओल्या फडक्याने पुसला, एका डुगडुगत्या बाकाखाली पुठ्ठ्याची घडी घातली.

मग शुक्रवारी सूनबाईने एक यादी दाखवली. लोकांनी नक्की काय टाइप केलं आणि आपण दिसलो, त्याची. सगळ्यात जास्त वेळा तिथे होतं: पाठ करायला निबंध. तयार निबंध. दहावीचे तयार निबंध.

बाईंनी चष्मा वर सारला. "मग तेच घाला ना. तयार निबंध मिळतील. लोक जे शोधतात ते शीर्षकात असेल तर दिसेल ना जास्त?"

"दिसेल," सूनबाई म्हणाली. "शोधाशी जुळणारी ओळ यंत्र पुढे काढतं."

"पण मी तयार निबंध देत नाही," सर म्हणाले. "मुलाने स्वतः लिहावं म्हणून तर मी शिकवतो."

"आधी येऊ तर देत. आल्यावर तुम्ही शिकवालच की तुमचं. दोन मुलं कमी आहेत हो, सोमवार तोंडावर आलाय." बाईंचा आवाज नरम होता. त्यांनाही खोली जावी असं वाटत नव्हतं, हे सरांना कळलं, आणि म्हणून ते जास्तच अडचणीत आले.

सूनबाईने अजून एक सांगितलं, नाइलाजाने. 'निबंध स्वतः लिहायला शिका' आणि 'तयार निबंध मिळतील' या दोन ओळी एकाच जाहिरातीत शेजारी शेजारी येऊ शकतात. एक ठेवावी लागेल.

सर संगणकासमोर बसले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने आपली ओळ पुसली आणि त्या चौकटीत 'तयार निबंध मिळतील' लिहिलं. सतरा अक्षरं. तेरा शिल्लक.

शनिवारी सकाळी सातवी मुलगी आली. दुपारी एक गृहस्थ आले. नीट इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. त्यांनी बैठकीतल्या खुर्चीत बसून जाहिरात दाखवली. त्यात वर तीच ओळ होती.

"मुलगी हुशार आहे माझी," ते म्हणाले. "पाठांतर उत्तम. तुम्ही वीस निबंध द्या, ती सगळे पाठ करेल. आजच नाव घालतो."

आठ झाले असते. सरांच्या हातात पेन होतं, समोर प्रवेशाचा कागद होता. पलीकडे बाईंचा खडू थांबला होता.

"तयार निबंध माझ्याकडे नाहीत," सर म्हणाले. "मिळतील असं लिहिलंय ते चुकीचं आहे. मुलीला पाठवा, मी तिला लिहायला शिकवीन. पहिले दोन फसतील, तिसऱ्यात तिचं स्वतःचं काहीतरी येईल, आणि ती ते तुम्हाला वाचून दाखवेल तेव्हा..." आणि ते सुटले. शब्द कुठून येतात, वाक्य कसं धीट होतं, परीक्षेत विषय बदलला की पाठ केलेली मुलगी कशी कोरडी पडते. गृहस्थांनी सगळं ऐकलं. सभ्य माणूस होता. उठताना फक्त म्हणाला, "सर, तुमचं खरं असेल. पण मग जाहिरातीत ते लिहिता कशाला?"

जिन्यावरची पावलं खाली गेल्यावर सर संगणकाजवळ गेले, ती ओळ काढली, आपली जुनी ओळ परत घातली. मग मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. शब्दकोश, खडूंचे खोके, जुन्या उत्तरपत्रिका. एकेक वस्तू ते बाकावर काढून ठेवू लागले. शब्दकोश हातात धरून ते जरा उभे राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि चष्मा पुसायला हात मोकळा नव्हता.

बाई दारात आल्या. मुलांना त्यांनी गणितं घालून दिली होती. "काय म्हणाला तो?"

"ऐकलंस ना सगळं. पडदा किती जाड आहे?"

"ऐकलं." त्या बाकावर, डुगडुगत्या बाकावर, बसल्या. "ती ओळ माझी होती. घालायला मीच लावली तुम्हाला. मला वाटलं, दोन मुलांचा तर प्रश्न आहे."

"सातच झाली," सर म्हणाले. "तू आठ म्हणाली होतीस. ठरलं म्हणजे ठरलं. त्यांना सांग, सोमवारपासून या."

बाईंनी मोबाइल काढला आणि तिथेच बसून विज्ञानाच्या सरांना फोन लावला. सर कपाटाकडे वळले, ऐकू नये म्हणून.

"नमस्कार सर," बाई म्हणाल्या. "खोलीचं विचारलं होतंत ना. नाही जमणार. हो, हो, बॅच भरली आमची. सात आहेत."

सरांच्या हातातून खडूंचा खोका निसटला आणि खडू खोलीभर गडगडले. बाईंनी फोन बंद केला, वाकून दोन खडू उचलले.

"तो आठवा प्रवेश दिला असतात ना," त्या म्हणाल्या, "तर सोमवारी खोली देऊन टाकली असती मी. तयार निबंध वाटायला वर्ग कशाला लागतो? खाली झेरॉक्स आहे."

सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला, "आता नको, माझी मुलं गणितं करतायत," आणि खडू त्यांच्या हातात ठेवून त्या पलीकडे गेल्या. सर गुडघ्यांवर बसून उरलेले खडू गोळा करू लागले. बाकाखालचे काही त्यांना सापडत नव्हते, कारण चष्मा अजून पुसायचाच होता.